उत्तर आलं नाही, म्हणजे नकार आला असं नाही

अर्ज मेल केला, आठवडा गेला, उत्तर नाही. अशा वेळी आपल्यातल्या अनेकांच्या मनात पहिली शंका येते ती नावाची. नाव वाचूनच बाजूला टाकलं असेल का? ही शंका हवेतून आलेली नाही, आणि कधी कधी ती खरीही असते. पण तिथपर्यंत जाण्याआधी एक साधी शक्यता तपासायला हवी. मेल स्पॅममध्ये पडला असेल आणि समोरच्याने तो पाहिलाच नसेल.

व्हॉट्सॲपमुळे आपल्याला निळ्या टिकची सवय झाली आहे. २०१८ साली एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तर व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण ती पोहोचल्याचं आणि उघडल्याचं टिकांवरून दिसत होतं. साध्या ईमेलला अशी टिक नसते. पत्ता चुकला असेल तर बहुधा Mail Delivery Subsystem या नावाने मेल परत येतो. स्पॅममध्ये गेलेला मेल मात्र परत येत नाही. यंत्राच्या लेखी तो पोहोचलेला असतो, म्हणून पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही.

समजा, मोमिनपुऱ्यातल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सिव्हिल लाइन्समधल्या वकिलांच्या ऑफिसला इंटर्नशिपसाठी सोमवारी मेल केला. विषयात फक्त ‘अर्जंट’, मजकूर एका ओळीचा, खाली दोन शॉर्ट केलेल्या लिंक आणि एक झिप फाइल. ऑफिसने तिला आधी कधी मेल केलेला नाही. अनोळखी पत्ता, लपलेली लिंक आणि बंद फाइल एकत्र आली की फिल्टरला संशय येतो. त्याला तिचं आडनाव दिसत नाही, फसवणुकीच्या मेलशी असलेलं साम्य दिसतं.

तिने आधी आपल्या Sent मध्ये पत्त्याचं अक्षर न् अक्षर तपासावं. मग तोच मेल एखाद्या मैत्रिणीला पाठवून पाहावा. तिच्याकडेही तो स्पॅममध्ये गेला, तर दोष मजकुरात असण्याची शक्यता मोठी. इनबॉक्समध्ये गेला, तरी ऑफिसमध्येही तसंच झालं असेल असं नाही, कारण प्रत्येक खात्याचा फिल्टर वेगळा वागतो.

दोन-तीन कामाचे दिवस थांबून फोन करावा. विचारताना कुणावर दोष जाऊ नये. ‘तुम्ही माझा मेल बघितला नाही का?’ असं विचारलं की समोरचा माणूस बचावात जातो. त्याऐवजी असं म्हणता येतं: ‘नमस्कार मॅडम, सोमवारी अकराच्या सुमारास मी इंटर्नशिपचा अर्ज मेल केला होता. माझा मेल कधी कधी स्पॅममध्ये जातो, म्हणून मिळाला का एवढंच विचारायचं होतं.’ दिवस आणि वेळ सांगितल्याने शोधणं सोपं होतं. मेल सापडला तर तो उघडून Report not spam दाबायची विनंती करावी, म्हणजे तो इनबॉक्समध्ये येतो. यात महिनाभर उशीर करू नये, कारण जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकतं.

सापडला नाही तर तोच मेल जसाच्या तसा पुन्हा पाठवू नका, तो पुन्हा तिथेच जाण्याची शक्यता असते. आधी लिंक आणि फाइल नसलेला चार ओळींचा मेल पाठवा: मी कोण, कशासाठी लिहिते, सोमवारी अर्ज पाठवला होता, आज फोनवर बोलणं झालं. विषय स्पष्ट ठेवा, उदाहरणार्थ ‘इंटर्नशिप अर्ज, एलएलबी तिसरं वर्ष’. ऑफिसचं उत्तर आलं की त्याच उत्तरावर रिप्लाय करून साधी पीडीएफ जोडा. स्वतः ज्याला उत्तर दिलं, त्याचा मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

सोमवारचा मूळ मेल Sent मधून पुसू नका. मुदतीचा प्रश्न आला तर तारखेचा पुरावा तोच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, मेल घेण्यासाठी एखाद्याने ठरावीक यंत्रणा नेमून दिली असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मेल त्या यंत्रणेत शिरला की तो मिळाला असं धरलं जातं. तो कुणी वाचला का, हा प्रश्न तिथे येत नाही. पण इंटर्नशिप कलम दाखवून मिळत नाही, त्यासाठी फोनच करावा लागतो.

एवढं करूनही शांतताच राहिली, तर एकदाच, आठवड्याभराने, पुन्हा विचारा. त्यानंतर मनात जी शंका उरेल, तिला निदान आधार असेल. मेल मिळाल्याचं त्यांनी फोनवर मान्य केलं होतं आणि तरीही उत्तर दिलं नाही, हे तेव्हा तारखेनिशी सांगता येईल.