अभ्यासक्रमच ठरवतो कुटुंबाचा व्हिसा

महाड : घरातला कर्ता माणूस दूर आणि बायकामुले गावी, ही महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांना सवयीची गोष्ट. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर येथील कितीतरी घरे उभी राहिली. परदेशी उच्च शिक्षणाचा विचार करणाऱ्या विवाहित तरुणांपुढे आता हाच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. पती वा पत्नी आणि मुले सोबत नेता येतील की नाही, याचे उत्तर त्यांच्या स्वतंत्र अर्जापेक्षा विद्यार्थ्याने निवडलेल्या अभ्यासक्रमावर अधिक अवलंबून असते.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात काम करणारी अभियंता एमएस्सीसाठी परदेशी जाऊ पाहते. पती नोकरदार आहे आणि मुलगी सात वर्षांची. पहिली पसंती अर्थातच ब्रिटनला, कारण तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षात संपतो. मात्र १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटनने नियम बदलले. पीएचडी किंवा संशोधनप्रधान उच्च पदवी घेणारे आणि सहा महिन्यांपेक्षा अधिक मुदतीच्या अभ्यासक्रमासाठी शासनपुरस्कृत असलेले विद्यार्थी, एवढ्यांनाच कुटुंब नेता येते. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या नेहमीच्या एमएस्सीला ही सवलत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जावर जाणारी व्यक्ती शासनपुरस्कृत ठरत नाही. शिवाय, शिक्षणानंतर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरही नव्याने कुटुंब बोलावता येत नाही. विद्यार्थी असतानाच जे सोबत होते, त्यांनाच तेथे पुढे राहता येते.

याच महिलेने ब्रिटनमध्ये पीएचडीला प्रवेश घेतला तर चित्र पालटते. पतीला जवळपास कोणतीही नोकरी पूर्णवेळ करता येते आणि मुलीला सरकारी शाळेत विनाशुल्क प्रवेश मिळू शकतो. मात्र लंडनबाहेर राहायचे असले, तरी कुटुंबातील प्रत्येकासाठी दरमहा ६८० पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांची रक्कम खात्यात दाखवावी लागते. पती आणि मुलगी मिळून हा आकडा १२,२४० पौंडांवर जातो. आरोग्य अधिभार प्रत्येकी वर्षाला ७७६ पौंड असून तो संपूर्ण मुदतीसाठी आगाऊ भरावा लागतो.

कॅनडात कळीचा मुद्दा आहे तो अभ्यासक्रमाच्या मुदतीचा. २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला खुला कामाचा परवाना हवा असेल, तर पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान सोळा महिन्यांचा असावा लागतो. पीएचडी आणि काही निवडक व्यावसायिक पदव्यांनाही ही सवलत आहे. महाविद्यालयीन पदविकेला मात्र ती नाही. म्हणजे बारा महिन्यांची पदवी कमी खर्चाची वाटली, तरी तिच्यामुळे पतीची कमाई थांबते. दोन वर्षांच्या पदवीत शुल्क अधिक भरावे लागते, पण घरात दुसरा पगार येऊ शकतो. मुलीच्या शाळेचे शुल्क प्रांत आणि शाळा मंडळानुसार ठरते, त्यामुळे ते आधी लेखी विचारून घेणे इष्ट.

अमेरिकेत परिस्थिती नेमकी उलट आहे. दोन वर्षांच्या एमएससाठी कुटुंबाला एफ-२ व्हिसावर सोबत जाता येते आणि मुलगी सार्वजनिक शाळेत शिकू शकते, परंतु पतीला नोकरी करण्यास सक्त मनाई आहे. तेथील घरभाडे गावाकडच्या बचतीतून किंवा कर्जातूनच भागवावे लागते. ऑस्ट्रेलियात पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या जोडीदाराला शिक्षण सुरू झाल्यावर कामाच्या तासांचे बंधन नाही. इतर अभ्यासक्रमांत ती मर्यादा पंधरवड्याला ४८ तासांची आहे. येथे चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. विद्यार्थ्याच्या मूळ अर्जात पती आणि मुलांची नोंद केली नाही, तर त्यांना नंतर विद्यार्थी व्हिसावर बोलावण्याचा मार्ग बंद होतो. कुटुंब सहा महिन्यांनी येणार असले, तरी नोंद पहिल्याच अर्जात हवी.

कागदपत्रांची अडचण मात्र गावातच सुरू होते. लग्नपत्रिका आणि छायाचित्रे असली, तरी विवाह नोंदणीचा दाखला नसतो. महाड शहरात ही नोंद नगरपालिकेत, तर खेड्यात ग्रामपंचायतीकडे होते. दाखल्यावर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर तिसरेच, असे झाल्यास नाते सिद्ध करताना शंका उपस्थित होते. नावातील ही तफावत दुरुस्त करण्याचे काम अर्जापूर्वीच उरकावे लागते.

म्हणूनच विद्यापीठाची अनामत रक्कम भरण्यापूर्वी प्रवेशपत्रातील तीन गोष्टी तपासायला हव्यात : पदवीचा प्रकार, तिची नेमकी मुदत आणि खर्च उचलणारा कोण. एकदा रक्कम भरल्यावर ती परत मिळेलच असे नाही, आणि चुकीच्या अभ्यासक्रमामुळे कुटुंब मागे राहिले, तर व्हिसा अधिकाऱ्याकडे केलेल्या विनंतीने नियम बदलत नाही.