आजारपण दारी आले तर निवृत्तीची पुंजी किती हाती येते?

आपला मुलगा वा मुलगी नोकरीत असेल, तर त्यांची निवृत्तीची बचत पीपीएफमध्ये असावी की एनपीएसमध्ये, हा प्रश्न घरात कधीतरी निघतोच. तेव्हा बहुधा व्याज आणि परतावा यांचीच तुलना होते. ज्या घरात वृद्ध माता-पिता आहेत, तेथे आणखी एक प्रश्न विचारावा: मधेच उपचारांसाठी पैसे लागले, तर त्यातील किती हाती येतील?

एक उदाहरण घेऊ. एका नोकरदाराने सलग दहा वर्षे, दर एप्रिलच्या आरंभी, दोन्ही खात्यांत प्रत्येकी १ लाख रुपये भरले. अकराव्या वर्षी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी रक्कम हवी आहे. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. तोच दर दहाही वर्षे धरला, तर खात्यात सुमारे १४ लाख ८७ हजार रुपये असतील. चार वर्षांपूर्वीच्या वर्षअखेरीची शिल्लक आणि गेल्या वर्षअखेरीची शिल्लक, यांपैकी जी कमी तिच्या निम्मी रक्कम वर्षातून एकदा काढता येते. येथे ती सुमारे ४ लाख ६५ हजार भरते. कारण सांगावे लागत नाही, करही लागत नाही. गंभीर आजारासाठी खाते मुदतीआधी पूर्ण बंदही करता येते. मात्र आरंभापासून एक टक्का व्याज कमी धरले जाते. या उदाहरणात ती तूट सुमारे ८२ हजारांची होईल.

एनपीएसमध्ये अवलंबून असलेल्या आईवडिलांचे उपचार हे मधल्या काळात रक्कम काढण्याचे मान्य कारण आहे. परंतु मर्यादा आहे ती स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्के, म्हणजे येथे अडीच लाख. बाजारामुळे झालेली वाढ आणि मालकाने भरलेला वाटा या हिशेबात येत नाहीत. खाते कितीही फुगलेले दिसले, तरी आकडा तोच राहतो.

मात्र हाच अडसर उतारवयात उपयोगी पडतो. पैसा सहजी काढता येत नाही म्हणून तो टिकतो. दीर्घकाळात समभागांमुळे वाढीची संधी मिळते, अर्थात घटीची जोखीमही असते. पुढे ठरावीक हिश्श्यातून आजन्म निवृत्तिवेतन सुरू होते. पीपीएफमध्ये असे वेतन नाही. शिल्लक संपली की संपली.

म्हणून मालक एनपीएसमध्ये वाटा भरत असेल, तर तो सोडू नये. मात्र ती रक्कम आपल्या आजारपणाच्या तरतुदीत धरू नये. ती तरतूद पीपीएफमध्ये राहू द्यावी. आज संध्याकाळी मुलांना दोन गोष्टी पाहण्यास सांगावे: पीपीएफ पासबुकावरील खाते उघडल्याची तारीख, आणि एनपीएस विवरणातील स्वतःच्या वाट्याची बेरीज. गरजेच्या दिवशी किती रक्कम हाती येईल, हे या दोन नोंदींवरून ठरते.