दहा रुपयांची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एक वहिनी घरगुती डबे पुरवतात. रोजचे चाळीस डबे, महिन्याचे सव्वीस दिवस. ३० मे रोजी रात्री त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर एक ओळ धाडली : ‘परवापासून डबा ८० ऐवजी ९० रु. महागाईमुळे नाइलाज.’

दुसऱ्या दिवशी नऊ वर्षं डबा घेणाऱ्या एका आजोबांनी रिकाम्या डब्यात चिठ्ठी पाठवली. ‘उद्यापासून डबा नको.’ वहिनी धावतच त्यांच्याकडे गेल्या. आजोबा म्हणाले, “बाई, दहा रुपयांचं दुःख नाही. पण माझी पेन्शन ठरलेली. महिन्याला दोनशे साठ रुपये जास्त लागणार, हे मला एका रात्रीत कळवता?”

वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा रडवेल्या झाल्या होत्या. “ताई, मी काय लूट करते का हो?”

मी म्हटलं, “हिशेबाची वही आणा.”

वही पाहिली. मागच्या वाढीपासून दोन वर्षांत किराणा-भाजीचा महिन्याचा खर्च ५,२०० रुपयांनी वाढला होता. पोळ्या करणाऱ्या मावशींचा पगार २,६००, डबे पोचवणाऱ्या मुलाचा १,५६० आणि गॅस १,०४० रुपयांनी. एकूण १०,४०० रुपये. महिन्याचे डबे होतात १,०४०. म्हणजे डब्यामागे बरोबर दहा रुपये! वहिनींनी स्वतःसाठी एक पैसाही वाढवला नव्हता. पण ‘महागाई’ या एका शब्दात ते कुणाला दिसणार?

पहिलं काम केलं ते म्हणजे आदल्या दिवसाचा निरोप मागे घेतला. ‘घाईत कळवलं, चूक झाली. जूनमध्ये दर जुनाच राहील.’ या एका महिन्याचे १०,४०० रुपये वहिनींच्या खिशातून गेले. हेच मे महिन्याच्या सुरुवातीला कळवलं असतं, तर ते वाचले असते. दरवाढ ठरवताना आधीचा एक महिना हिशेबात धरावा, तो असा.

मग नवी सूचना लिहिली आणि ती छापून प्रत्येक डब्यासोबत दिली :

‘१ जुलैपासून डब्याचा दर ८० ऐवजी ९० रुपये होईल. सव्वीस दिवसांचे २,०८० ऐवजी २,३४० रुपये. मागची वाढ दोन वर्षांपूर्वी केली होती. वाढलेल्या दहा रुपयांपैकी पाच रुपये किराणा-भाजीचे, अडीच पोळ्या करणाऱ्या मावशींच्या पगाराचे, दीड पोचवणाऱ्या मुलाचे व एक गॅसचा आहे. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर हे सारं पूर्वीइतकंच राहील. ज्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत, त्यांचे दिवस जुन्या दरानेच पुरे होतील. पाच वर्षांहून जुन्या गिऱ्हाइकांना नवा दर १ ऑगस्टपासून लागेल. फक्त पोळी-भाजी हवी असल्यास डबा ७५ रुपयांना मिळेल. काही विचारायचं असल्यास दुपारी चारनंतर फोन करावा.’

वहिनींना त्यात ‘आपण समजून घ्यालच’ हे वाक्य घालायचं होतं. मी ते काढायला लावलं. समजून घ्यायचं की नाही, हे गिऱ्हाइकानं ठरवायचं असतं. आपण फक्त समजेल असं लिहायचं. तसंच ‘सगळ्यांनीच वाढवलेत’ हेही नको. गिऱ्हाइकाला आपल्या डब्याचा हिशेब हवा असतो, शेजारच्या खानावळीचा नव्हे.

जुन्यांना दिलेल्या सवलतीचा खर्चही मांडला. अशी गिऱ्हाइकं बारा. एका महिन्याचे ३,१२० रुपये. वहिनींना तेवढं झेपत होतं. झेपत नसेल, तर सवलत देऊच नये. पण द्यायची तर नियम करून, उघडपणे. एकाला कानात ‘तुम्हाला जुनाच दर हं’ म्हटलं, की आठवड्यात ते दुसऱ्याला कळतं आणि मग कुणाचाच विश्वास राहत नाही. दर तोच ठेवून आमटीची वाटी लहान करणं, हा तर त्याहून वाईट मार्ग. रोज जेवणाऱ्याला ते पहिल्या दिवशीच कळतं.

खाड्याचा प्रश्न एका बाईंनी फोनवर विचारला : गावाला गेलो तर दिवसाचे किती कापणार? जुलैपासून नव्वदच. घेताना नव्वद आणि कापताना ऐंशी असं करता येत नाही. ही ओळ आमच्याकडून सूचनेत राहून गेली होती. तुम्ही ती विसरू नका.

चाळिसांपैकी तिघांनी डबा बंद केला. चांगली सूचना लिहिली तरी कुणाच्या खिशातले पैसे वाढत नाहीत, हेही खरं. पाच जणांनी पोळी-भाजीचा डबा घेतला.

आजोबा त्या पाचांत आहेत. पहिल्या दिवशी त्यांच्या रिकाम्या डब्यात पुन्हा चिठ्ठी आली. वहिनींनी धडधडत्या छातीनं ती उघडली. लिहिलं होतं : ‘मावशींचा पगार वाढवलात, बरं केलंत. पोळ्या मऊ असतात.’