आपल्या तुकडीची यादी कुठेही अपलोड करू नका

१९९७च्या यंत्र अभियांत्रिकी डिप्लोमाच्या मित्रमैत्रिणींनो, काल संध्याकाळी ग्रुपवर सगळ्या तुकडीची यादी आली: नावं, जन्मतारखा, तेव्हाचे गावचे पत्ते. अजून सात जण सापडलेले नाहीत, म्हणून पैसे घेऊन माणसं शोधून देणाऱ्या साइटवर ती चढवायची असं ठरतंय. हात जोडून सांगतो, चढवू नका. ज्याने टाकली त्याने ती आजच सगळ्यांसाठी डिलीट करावी. दोन-अडीच दिवस उलटले की व्हॉट्सॲप ती सोय देत नाही. ज्यांनी उतरवून घेतलीय त्यांनी फोनमधूनही काढावी.

मागच्या मेळाव्याला आपण हेच केलं होतं. साइटने आपल्या एका मैत्रिणीचा जुना पत्ता विकला, आणि पत्रिका गेली तिने कधीच सोडलेल्या सासरी. तिथल्या माणसाने पत्रिकेवरच्या नंबरांना फोन करून तिचा ठावठिकाणा विचारायला सुरुवात केली. त्या दिवसांत ती किती घाबरली होती, ते मी ऐकलंय.

तिच्याच वर्गातली दुसरी एक जण मला गेल्या महिन्यात सापडली, तीही एक पैसा न देता. लिंक्डइनवर आपल्या तंत्रनिकेतनाच्या पानावर "Alumni" उघडलं, सालाच्या चौकटीत १९९७ घातलं, शाखा निवडली. आडनाव शोधलं नाही, कारण लग्नानंतर ते बदललेलं असू शकतं. फक्त पहिलं नाव पाहिलं. दोन प्रोफाइल निघाली. एकीवर पडताळणीची खूण होती. खुणेवर बोट ठेवलं की नेमकं काय पडताळलंय ते दिसतं. तिथे फक्त नोकरीचं ठिकाण होतं. म्हणजे ती त्या कंपनीत आहे एवढं खरं, पण शिक्षणाची ओळ तिने स्वतः लिहिलेली. आपल्या वर्गातली तीच, हे त्या खुणेने सिद्ध होत नाही. आणि खूण नसलेली दुसरी प्रोफाइल खोटी, असंही नाही.

म्हणून दोघींना सारखाच निरोप पाठवला: "मी १९९७च्या यंत्र शाखेचा. आपण त्याच वर्गातल्या असाल तर वर्कशॉपचे सर आपल्याला काय म्हणून हाक मारायचे, तेवढं सांगा. माझा नंबर देतोय, आपला नको." बरोबर उत्तर आलं ते खूण नसलेलीकडून, नऊ दिवसांनी. दुसरीने काहीच लिहिलं नाही, मी पुन्हा विचारलं नाही. ओळखणाऱ्यालाही गप्प राहायचं असू शकतं.

उरलेली सात नावं आपण सात जण एकेक वाटून घेऊ. ज्याला जे नाव हवं ते त्याने मला फोनवर सांगावं, ग्रुपवर नको. रविवारपर्यंत पहिला निरोप जाऊ द्या. कुणी सापडलं तर ग्रुपवर "भेट झाली" एवढंच लिहा. नंबर आणि गाव, ज्याचं त्याने स्वतः टाकेपर्यंत, तुमच्यापाशीच ठेवा.