फिरदौस चौकातील चौकट

९ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या फिरदौस चौकात सद्दाम हुसेनचा पुतळा कोसळला. जवळून टिपलेल्या छायाचित्रांत चौकटीच्या कडांपर्यंत माणसेच दिसतात. साहजिकच गर्दी कडेपलीकडेही पसरली असावी, असे आपण गृहीत धरतो. शेजारच्या पॅलेस्टाइन हॉटेलच्या उंचीवरून घेतलेल्या चित्रांत मात्र चौक बराचसा रिकामा आहे आणि भोवती अमेरिकी रणगाडे उभे आहेत. ‘इराकींनी पुतळा पाडला’ ही चित्रओळही अर्धीच खरी. घणाचे घाव त्यांचे होते, पण पुतळा अखेर ओढून पाडला तो अमेरिकी मरीन्सच्या चिलखती वाहनाने. चित्रओळीतील कर्ता म्हणूनच मी आधी तपासतो. अर्थात दुरून घेतलेले चित्रही निर्णायक नव्हे. गर्दी ओसरल्यावर ते टिपले असेल, तर तेही तितकेच फसवे.