पडदा काळा झाला, म्हणजे फोन बिघडला नाही

लाइटबिल मोबाइलवरून कसं भरायचं, याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ हल्ली घराघरांतून बनतो. मुंबईतली मुलगी गावाकडच्या आईसाठी करते, बचत गटातली एखादी ताई बाकीच्या बायकांसाठी करते. फोनचा पडदा रेकॉर्ड करायचा, अ‍ॅपचा आवाज यायला हवा, आपला आवाज यायला हवा आणि कोपऱ्यात आपला चेहराही दिसायला हवा. मग सगळं झाल्यावर व्हिडिओ लावून पाहावा, तर ऐन पैसे भरायच्या जागी पडदा काळाकुट्ट. पहिला संशय फोनवर जातो, दुसरा रेकॉर्डरवर, आणि मग माणूस ‘काळा पडदा न येणारा रेकॉर्डर’ शोधायला लागतो. त्या शोधाला लागण्याआधी हे वाचा, एवढीच विनंती.

आधी रेकॉर्डिंग नीट कसं करायचं ते पाहू. अँड्रॉइड 11 आणि त्यापुढच्या फोनमध्ये रेकॉर्डर आतच असतो. वेगळं अ‍ॅप घ्यायची गरज नाही. वरून बोट दोनदा खाली ओढलं की वायफाय, टॉर्च वगैरेंच्या चौकोनांत Screen record दिसतं. न दिसल्यास पेन्सिलीच्या खुणेवर जाऊन ते चौकटीत आणता येतं. सुरू करण्याआधी फोन विचारतो की आवाज कुठला घेऊ, आणि घाईत बोट ‘पुढे’वर पडतं ते इथेच. फक्त Microphone निवडलं तर अ‍ॅपचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा माइकमधून आत येतो, सोबत पंखा आणि कुकरची शिट्टी घेऊन. Device audio निवडलं तर अ‍ॅपचा आवाज थेट आतल्या आत घेतला जातो, पण तुमचा येत नाही. आपल्याला हवं असतं Device audio and microphone. सॅमसंगच्या फोनवर याच अर्थाचा पर्याय Media sounds and mic या नावानं येतो. बोट कुठे टेकलं ते दाखवणारा पर्यायही तिथेच असतो, तो जरूर चालू करा. शिकणाऱ्या आईला तुमच्या बोलण्यापेक्षा त्या ठिपक्याचा उपयोग जास्त होतो.

दोन्ही आवाज घेताना कानाला वायरचा इअरफोन लावा. नाहीतर अ‍ॅपचा आवाज एकदा आतून आणि एकदा स्पीकरमार्गे माइकमधून, असा दोनदा नोंदला जातो आणि व्हिडिओत विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. आणि पूर्ण व्हिडिओ करण्याआधी वीसेक सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ते लावून बघा. नंतरची बरीच चिडचिड त्यानं वाचते.

चेहऱ्याचं थोडं वेगळं आहे. सॅमसंगच्या रेकॉर्डरमध्ये सेल्फी व्हिडिओची सोय आतच आहे. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पट्टीवरच्या माणसाच्या खुणेवर टेकलं की कोपऱ्यात गोल येतो. बऱ्याच फोनच्या मूळ रेकॉर्डरमध्ये ती नसते, आणि मग बाहेरचं अ‍ॅप घ्यावं लागतं. ते अ‍ॅप ‘इतर अ‍ॅपच्या वर दिसण्याची’ परवानगी मागतं. परवानगी दिल्याशिवाय गोल तरंगणार नाही, हे खरं. पण बँकांची अ‍ॅप नेमकी याच गोष्टीला बिचकतात. वर तरंगणाऱ्या खोट्या खिडकीखाली खरं बटण लपवून माणसाला भलतीकडे टिचकी मारायला लावायचा जुना डाव आहे. त्यामुळे वर काही तरंगत असेल तर काही अ‍ॅप बटणावरची टिचकी घेतच नाहीत. तुम्ही ‘पुढे’ दाबत राहता आणि काही घडत नाही. अँड्रॉइड 12 पासून तर अ‍ॅपला आपल्या पानावरच्या अशा तरंगत्या खिडक्या सरळ लपवून टाकता येतात, मग तुमचा चेहरा मधेच गायब होतो. बटण चालेना झालं की आधी तो गोल बंद करून पाहा. आणि अ‍ॅपलाच समोरचा कॅमेरा लागला, म्हणजे व्हिडिओ केवायसी किंवा व्हिडिओ कॉल असेल, तर तुमचा गोल गोठतो किंवा काळा होतो, कारण एक कॅमेरा सहसा एका वेळी एकाच अ‍ॅपला मिळतो.

आता काळ्या पडद्याकडे वळू. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप बनवणाऱ्याला आपल्या कुठल्याही पानावर एक खूण लावता येते, तिचं नाव FLAG_SECURE. पडद्यावर आपण जे पाहतो ते एकसंध चित्र नसतं. वरची पट्टी, अ‍ॅपचं पान, कीबोर्ड, तुमच्या चेहऱ्याचा गोल असे वेगवेगळे थर एकावर एक ठेवून फोन ते चित्र जुळवतो. रेकॉर्डरसाठीही फोन असंच चित्र जुळवून देतो, फक्त खूण लावलेला थर त्यात घालत नाही. त्या जागी काळं ठेवतो. म्हणजे रेकॉर्डरला ते पान मिळालेलंच नसतं. रेकॉर्डरमधली कुठलीही सेटिंग बदलून ते येणार नाही.

खूण पानापानाला लागते, त्यामुळे एकाच अ‍ॅपमध्ये ग्राहक क्रमांक टाकायचं पान स्वच्छ दिसतं, बिलाची रक्कम दिसते, आणि यूपीआय पिनचं पान मात्र काळं. काही बँका अख्ख्या अ‍ॅपलाच खूण लावतात, तिथे पहिल्या पानापासून अंधार. ही अडवणूक आहे की फोनचा बिघाड, हे ओळखणं सोपं आहे. त्याच पानावर नेहमीसारखा स्क्रीनशॉट घेऊन पाहा. अ‍ॅप किंवा संस्था स्क्रीनशॉट घेऊ देत नाही अशा अर्थाची सूचना आली, तर ती अ‍ॅपची इच्छा आहे. व्हिडिओत फोनचा मुख्य पडदाही काळाच आला असेल, तर मात्र रेकॉर्डरमध्ये खरोखर गडबड आहे. फोन बंद करून चालू करा आणि आतला रेकॉर्डर वापरून पाहा.

अ‍ॅपवाल्यांना एवढं लपवायचं काय असतं? पिन तर गोल ठिपक्यांतच दिसतो ना, असं वाटेल. पण कीपॅडवर बोट कुठे टेकतं ते रेकॉर्डिंगमध्ये दिसतं, आत्ताच आपण तो ठिपका स्वतः चालू केला होता. शिवाय पडदा रेकॉर्ड करणं आणि तो दूरच्या माणसाला दाखवणं, फोनच्या दृष्टीनं जवळपास एकच काम आहे. दोन्हींना तोच दरवाजा. बँकेतून बोलतोय सांगणारा भामटा तुम्हाला स्क्रीन शेअर करायला लावतो, तेव्हा तो याच दरवाजानं आत येतो. ‘एनीडेस्क’सारखी अ‍ॅप घ्यायला लावून पैसे काढून घेण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्येच सावध केलं होतं. तुम्हाला व्हिडिओ करताना नडणारा काळा पडदा त्या माणसालाही काळाच दिसतो. आईच्या फोनवर तो असलेला बरा, नाही का?

मात्र त्याच्यावर विसंबू नका. खूण त्या पानापुरतीच असते. वरून टपकणारा ओटीपीचा एसएमएस त्या खुणेच्या बाहेर राहतो. अँड्रॉइड 15 मध्ये शेअरिंग चालू असताना असे संदेश झाकायची सोय आली, पण घरातल्या थोरांच्या हातात बहुधा जुने फोन असतात. म्हणून पडदा दाखवा असं कोणी फोनवर म्हणालं, तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर कळवायचं.

आता त्या ‘काळा पडदा न येणाऱ्या’ रेकॉर्डरबद्दल. फोनच जे चित्र देत नाही ते अ‍ॅप आणणार कुठून? एक तर जाहिरात खोटी असते, नाहीतर ते फोनची कुलपं तोडायला सांगतं किंवा मूळ अ‍ॅपची कोणीतरी बदललेली प्रत टाकायला लावतं. बँकेच्या बाबतीत दोन्ही नको. प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या फाइलला पडदा, माइक, कॅमेरा आणि वर तरंगायची परवानगी एकत्र देणं म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करा.

चित्रपटांच्या अ‍ॅपवर काळा पडदा येतो तो साधारण याच जातीचा, पण तिथे राखण चित्रपटाची असते. चित्र फोनच्या सुरक्षित कप्प्यात उलगडून थेट पडद्याकडे जातं. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये कधी कधी खालची उपशीर्षकं आणि बटणं दिसतात, पण चित्रपट नसतो.

आवाजाचा नियम निराळा आहे. फोनचा आतला आवाज दुसऱ्या अ‍ॅपला अधिकृतपणे घेता यायला लागला तो 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून. त्यातही फक्त गाणी, व्हिडिओ, गेम अशा जातीचे आवाज मिळतात. कॉलवरच्या माणसाचं बोलणं त्यात येत नाही. शिवाय अ‍ॅपला आपला आवाज द्यायला नकार देता येतो. त्यामुळे चित्र व्यवस्थित, तुमचा आवाज व्यवस्थित आणि अ‍ॅप मुकं, असा व्हिडिओ तयार झाला तर आधी आवाजाचा पर्याय तपासा. तो बरोबर असेल तर नकार अ‍ॅपचा आहे. ऑनलाइन मीटिंग रेकॉर्ड करायची असेल तर मीटिंगच्या अ‍ॅपमधलंच रेकॉर्डिंग वापरा. तिथे सगळ्यांना सूचना जाते, आणि तसंच व्हायला हवं.

मग लाइटबिलाचा व्हिडिओ कसा पुरा करायचा? ‘व्यत्यय नको’ म्हणजे Do Not Disturb चालू करा. गोल चेहरा वरच्या कोपऱ्यात ठेवा, कारण ‘पुढे’ची बटणं खाली असतात. ग्राहक क्रमांकाचे बारा आकडे टाका, आलेलं नाव आणि रक्कम बिलाशी ताडून कशी बघायची ते थांबून सांगा. आई चुकली तर इथेच चुकेल, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पैसे भरायच्या पानावर जाण्याआधी रेकॉर्डिंग थांबवा. पैसे भरा, आणि पावतीच्या पानावर दुसरं रेकॉर्डिंग सुरू करा. मधल्या जागी स्वतःचा साधा व्हिडिओ जोडा: एका कागदावर कीपॅड काढा आणि सांगा की इथे तुझा चार किंवा सहा आकडी पिन टाकायचा, वर दिसणारं नाव आणि रक्कम आधी वाचायची, पिन कोणाला सांगायचा नाही. दुसऱ्या फोननं पिनच्या पानाचं शूटिंग करायचा मोह होईल, तो टाळा. अ‍ॅपनं जे झाकलं ते आपणच उघडं करून गटावर पाठवायचं कशाला?

तुकडे जोडून झाले की पाठवण्याआधी एकदा आवाज बंद करून पूर्ण व्हिडिओ पाहा. आवाज बंद असला की डोळे पडद्यावर राहतात, आणि खात्यातली शिल्लक, कोणाचा तरी नंबर, वरून डोकावलेला एखादा मेसेज असं काही राहिलं असेल तर तेव्हाच दिसतं.