फेरफार नोंदींच्या चौकशीत नोटीस, सुनावणी व सकारण आदेश यांबाबत निवेदन

मा. जिल्हाधिकारी साहेब यांचे सेवेशी,

आम्ही खाली सह्या करणारे तालुक्यातील खातेदार शेतकरी नम्रपणे निवेदन करतो की, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 150 अन्वये फेरफार प्रमाणित करणारा अधिकारी हा केवळ दप्तर सांभाळणारा कारकून नसून, पक्षकारांचे म्हणणे ऐकून व पुरावा तोलून निर्णय देणारा, म्हणजेच अर्धन्यायिक अधिकार चालविणारा अधिकारी आहे. आणि त्या अधिकाराला शोभेल अशी वागणूक चावडीवर मिळत नाही, हीच आमची मुख्य तक्रार आहे.

आमच्यापैकी एका भगिनीचे प्रकरण विस्ताराने मांडणे अवश्य वाटते. वडील वारल्यावर तिच्या दोघा भावांनी वारसाची वर्दी दिली, तीत तिचे नावच घातले नाही, आणि तलाठ्यांनी गाव नमुना 6 मध्ये तशीच नोंद धरली. हितसंबंधितांना द्यावयाची नमुना 9 ची नोटीस तिच्या सासरच्या गावी गेलीच नाही. नोटिशीच्या स्थळप्रतीवर थोरल्या भावाच्या घरातील एकाचा अंगठा असून खाली ‘बहिणीस कळविले’ असा शेरा आहे. पंधरा दिवसांची मुदत सरताच मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. पुढे भावांनी जमिनीचा एक तुकडा विकला, तेव्हा खरेदीच्या फेरफारावर हरकत घेण्यास ती चावडीवर गेली. परंतु विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 6-अ मध्ये, तिची हरकत घेतली गेली नाही, आणि कायद्याने द्यावयाची पोचही मिळाली नाही. हरकतच दप्तरी नसल्याने तो फेरफारही अविवादित ठरून मंजूर झाला.

येथे एक खुलासा करणे न्यायाचे होईल. मृत्युपत्र खरे की खोटे, वाटणी झाली की नाही, अशा मालकीच्या वादांचा निकाल दिवाणी न्यायालयानेच द्यावयाचा असतो. फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही व नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे, आणि त्याविषयी आमचा काही वाद नाही. पण ही मुलगी त्या बापाची वारस आहे हे भाऊदेखील नाकारीत नव्हते. नुसते विचारले असते तरी निर्णय झाला असता. शिवाय कलम 157 अन्वये प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, आणि सातबाऱ्यावरील नाव पाहूनच खरेदीदार व्यवहार करतो. तेव्हा ‘नोंद ही केवळ महसुली प्रयोजनाची’ असे म्हणून जबाबदारी झटकता येणार नाही.

तिने कलम 247 प्रमाणे प्रांतांकडे अपील केले. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्धची 60 दिवसांची मुदत उलटलेली असल्याने विलंब माफीचा अर्ज आला, आणि ज्या नोटिशीचा तिला पत्ताच नव्हता तिची माहिती आपणास कधी झाली, एवढ्याच मुद्द्यावर तारखांमागून तारखा पडत गेल्या. कलम 256 खालील स्थगितीचा अर्ज तसाच राहिला. दरम्यान खरेदीदाराने जमिनीचा ताबा घेतला. अखेर ‘अपील मान्य, फेरचौकशीसाठी परत’ असा त्रोटक आदेश झाला, त्यावर भावांनी वरच्या अपिलाची वाट धरली, आणि प्रकरण पुन्हा पहिल्याच पायरीवर येऊन बसले. कलम 255 अन्वये अपिलाधिकाऱ्यास आवश्यक तो पुरावा स्वतः घेता येत असता, दोघा भावांचा जबाब आणि मृत्यूचा दाखला एवढ्यासाठी प्रकरण खाली धाडण्याचे प्रयोजन आम्हांस उमगत नाही.

सबब आमची मागणी अशी की, वारस फेरफार प्रमाणित करण्यापूर्वी प्रत्येक वारसास तो राहत असेल त्या गावी नोटीस बजावल्याचा, त्याच्या स्वतःच्या सहीचा किंवा पोस्टाच्या पोचेचा पुरावा दप्तरी असल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्यांनी नोंदीस हात लावू नये, आणि मृताच्या मुली किती हे वर्दीवरून न ठरविता पोलीस पाटील व शेजाऱ्यांच्या जबाबांवरून पडताळावे. हरकत तोंडी असली तरी ती 6-अ मध्ये लिहून तत्काळ पोच द्यावी. वादाचा निर्णय करताना कोणाचे काय म्हणणे होते, कोणता पुरावा ग्राह्य धरला आणि कोणता का नाकारला, हे निर्णय देणाऱ्याने आदेशात लिहावे. कारण नसलेल्या आदेशात अपिलाधिकाऱ्यास तपासण्यासारखे काहीच उरत नाही. अपिलात स्थगितीच्या अर्जावर पहिल्याच तारखेस, मंजूर अथवा नामंजूर, असा सकारण आदेश व्हावा. जेथे नोटीस बजावल्याचा पुरावाच नाही तेथे आदेशाची माहिती झाल्याच्या दिवसापासून विलंबाचा हिशोब धरावा. आणि फेरचौकशीस प्रकरण पाठविणे अपरिहार्यच असेल, तर कोणत्या मुद्द्यावर, कोणी व किती मुदतीत चौकशी करावयाची हे आदेशात नमूद असावे.

या आशयाचे परिपत्रक आपल्या सहीने काढून ते प्रत्येक चावडीवर लावण्याचे आदेश व्हावेत, तसेच या जिल्ह्यातील प्रांतांकडे प्रलंबित असलेल्या वारस फेरफारांच्या अपिलांपैकी ज्यांत स्थगितीचा अर्ज निर्णयाविना पडून आहे त्यांची यादी मागवून आपण स्वतः पाहणी करावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
तालुक्यातील खातेदार शेतकरी
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)